अर्ज पाठवून तीन आठवडे झाले, उत्तर नाही, आता परत मेल कसा करायचा?

प्रश्न: अकाउंट्स असिस्टंटच्या पोस्टसाठी २ तारखेला ईमेलने अर्ज आणि सीव्ही पाठवला. जाहिरातीत शेवटची तारीख १५ होती. आज २३, अजून काहीच उत्तर नाही, ना हो ना नाही. परत मेल केला तर मागे लागल्यासारखं वाटेल का? आणि केलाच तर नक्की लिहू काय? फोन करू का?

उत्तर:

मेल करा, पण आज नको, अजून सहा-सात दिवस थांबा. का ते सांगतो. मी बरीच वर्षं भरतीच्या कामात आहे, म्हणजे असे अर्ज ज्या इनबॉक्समध्ये येऊन पडतात तो इनबॉक्स बघणारा माणूस मीच, त्यामुळे पलीकडच्या टेबलावर काय चाललेलं असतं तिथून सुरुवात करतो.

तुम्ही दिवस मोजताय २ तारखेपासून, पण आम्ही मोजतो १५ पासून. तुमच्या हिशोबाने तीन आठवडे झाले, आमच्या हिशोबाने आठ दिवस. शेवटच्या तारखेआधी आलेले अर्ज बऱ्याच ठिकाणी कोणी नीट वाचतच नाही, ते एका फोल्डरमध्ये जमा होत राहतात, आणि लवकर पाठवला म्हणून अर्ज आधी वाचला जातो असंही नाही. तारीख संपली की मग चाळणी सुरू होते, त्यात तीन-चार दिवस ते आठवडा जातो कारण ज्याच्याकडे हे काम असतं त्याच्याकडे त्याच वेळी दुसऱ्या चार पोस्ट चालू असतात. त्यातून आठ-दहा नावं निघतात, ती जातात ज्या विभागात जागा आहे तिथल्या साहेबांकडे किंवा मॅडमकडे, आणि खरी गाडी अडते ती इथे. अकाउंट्सवाल्यांचं महिनाअखेरचं क्लोजिंग चालू असतं, कोणीतरी रजेवर असतं, कोणी म्हणतं हे सगळे ठीक आहेत पण अजून दोन-तीन दाखवा. ही यादी परत आमच्याकडे येईपर्यंत आम्हालाही सांगण्यासारखं काही नसतं. म्हणून आज २३ तारखेला तुम्ही विचारलंत तर अगदी सज्जन माणूससुद्धा एवढंच सांगू शकेल की प्रक्रिया चालू आहे, आणि तुमची एक संधी उगाच खर्च होईल. शेवटच्या तारखेनंतर साधारण दोन आठवडे, म्हणजे तुमच्या बाबतीत २९-३० च्या आसपास विचारणं बरोबर. जाहिरातीत शेवटची तारीखच नसेल तर अर्ज पाठवल्यापासून दोन आठवडे धरा. आणि ‘फक्त निवडलेल्या उमेदवारांनाच कळवलं जाईल’ असं लिहिलं असेल तरी एकदा विचारायला हरकत नाही, मात्र उत्तराची अपेक्षा कमी ठेवा. ‘चौकशी करू नये’ असं स्पष्ट लिहिलं असेल तर मात्र खरंच करू नका.

हे सहा-सात दिवस नुसते बसून काढायचे नाहीत. आधी अर्ज खरंच पोचलाय का ते बघा, कारण उत्तर न येण्यातली काही प्रकरणं एवढ्यावरच मिटतात. सेंट फोल्डर उघडा, तो मेल उघडा, आणि त्यातली अटॅचमेंट तिथूनच डाउनलोड करून उघडून बघा, कॉम्प्युटरवरची मूळ फाइल बघून उपयोग नाही. पत्ता जाहिरातीतल्या पत्त्याशी अक्षर अन् अक्षर जुळवा. मग स्पॅम फोल्डर. तिथे दोन गोष्टी शोधायच्या, एक म्हणजे मेल पोचला नाही असं सांगणारा परत आलेला मेसेज, आणि दुसरं म्हणजे त्यांचं उत्तर. हो, उत्तर! इंटरव्ह्यूचं बोलावणं बऱ्याचदा भरतीच्या सॉफ्टवेअरमधून जातं, पत्ता अनोळखी असतो, आणि ते थेट स्पॅममध्ये किंवा प्रमोशन्समध्ये जाऊन पडतं. सीव्हीवरचा फोन नंबर वाचून बघा, एक आकडा चुकलेले सीव्ही आम्ही नेहमी बघतो, आणि अनोळखी नंबरवरून आलेले मिस्ड कॉलही एकदा चाळा.

एक उदाहरण सांगतो. एका मुलीने सीव्ही जोडण्याऐवजी क्लाउडवरची लिंक पाठवली होती आणि लिंकची परमिशन फक्त तिच्यापुरती होती. आमच्याकडे ज्याने उघडायचा प्रयत्न केला त्याने परवानगीची विनंती पाठवली, ती तिच्या जुन्या अकाउंटला गेली, तिने ती बघितलीच नाही, आणि इकडे अर्ज ‘सीव्ही नाही’ या खात्यात बाजूला पडला. तिने नंतर चौकशीचा मेल केला त्यात सीव्ही सरळ जोडलेला होता, म्हणून हा सगळा प्रकार कळला आणि तिचं नाव यादीत गेलं. तोपर्यंत इंटरव्ह्यू सुरू झाले नव्हते एवढंच नशीब. म्हणून चौकशीच्या मेलला सीव्ही परत जोडायचाच, साध्या पीडीएफमध्ये, त्याला पासवर्ड नको, लिंक नको. काही लोक म्हणतात एकदा पाठवलाय तर परत कशाला, पण समोरचा माणूस तुमचा मेल मीटिंगला जाता जाता मोबाइलवर वाचतो, त्याला जुना मेल शोधायला लावलात तर तो ‘नंतर बघू’ म्हणेल आणि तो नंतर कधी येत नाही.

तपासताना अशी काही गडबड सापडली, म्हणजे फाइलच जोडली नव्हती किंवा पत्ता चुकला होता, तर मग २९ ची वाट बघायची नाही. तो चौकशीचा मेल होत नाही, तो दुरुस्तीचा मेल, त्याच दिवशी जायला पाहिजे. ‘२ तारखेच्या अर्जाला सीव्ही जोडायचा राहून गेला होता, तो आता जोडला आहे, विचार करता आला तर आभारी राहीन’ एवढंच. लांबलचक माफी नको. पोर्टलवरून अर्ज केला असेल तर लॉगिन करून स्टेटस बघा, माहिती सगळी भरलेली असते पण शेवटचं सबमिटचं बटण दाबलेलं नसतं आणि अर्ज ड्राफ्टमध्ये पडून असतो हा प्रकार तर फारच होतो.

आता मेल कुठे पाठवायचा. जिथे अर्ज पाठवला तिथेच. स्वतःच्या सेंट मेललाच रिप्लाय करायचा म्हणजे जुना मेल खाली दिसतो आणि समोरच्याला एका नजरेत कळतं हे कुठलं प्रकरण. फक्त जुन्या मेलचा विषय नुसता ‘अर्ज’ किंवा ‘नोकरीसाठी’ असा असेल तर तो बदला, कारण त्या इनबॉक्समध्ये त्याच नावाचे ढीगभर मेल पडलेले असतात. विषयात पदाचं नाव, जाहिरात क्रमांक असेल तर तो, आणि तुमचं नाव आलं की बस. अर्ज केल्यावर आपोआप आलेला पोच मेल noreply अशा पत्त्यावरून आला असेल तर त्याला उत्तर देऊन काही उपयोग नाही, तो कोणी वाचत नाही, पण त्यात अर्जाचा नंबर असतो तो उचलून तुमच्या मेलमध्ये टाका. आणि कंपनीच्या डायरेक्टरला, अकाउंट्स हेडला, सगळ्यांना सीसीमध्ये घालायचा मोह होतो, तो आवरा. त्याने काम पुढे सरकत नाही, आमच्यातला प्रत्येक जण समजतो की दुसरा कोणीतरी उत्तर देईल, आणि ज्याच्या हातात तुमचा अर्ज आहे त्याला वाटतं हा आपली तक्रार करतोय.

आता मजकूर. लोक साधारणपणे जे लिहितात ते आधी बघू:

‘माननीय महोदय, मी दिनांक २ रोजी आपल्याकडे अर्ज केला होता परंतु अद्याप आपल्याकडून कोणताही प्रतिसाद मिळालेला नाही. मला या नोकरीची अत्यंत गरज आहे. तरी माझी निवड झाली आहे किंवा नाही हे लवकरात लवकर कळवावे ही नम्र विनंती.’

नम्र विनंती असं लिहिलंय खरं, पण वाचताना नम्र वाटत नाही. ‘अद्याप कोणताही प्रतिसाद मिळालेला नाही’ ही तक्रार आहे, वाचणारा लगेच बचावाच्या पवित्र्यात जातो. ‘लवकरात लवकर’ हा हुकूम झाला, पुढे कितीही विनंती लावली तरी. गरजेचं वाक्य खरं असेल, त्याबद्दल वाईटही वाटतं, पण त्या वाक्याचं आम्ही काय करायचं हे आम्हालाही कळत नाही, कारण अर्ज केलेल्या प्रत्येकाला गरज असतेच. पदाचं नावच नाही, आणि आमच्याकडे एकाच वेळी चार-पाच पदांची भरती चालू असते. पण या सगळ्यात मोठी अडचण ‘निवड झाली आहे किंवा नाही’ या प्रश्नाची आहे. तो इनबॉक्स बघणाऱ्या माणसाला निवडीबद्दल हो-नाही सांगायचा अधिकार नसतो. कागदावर सही होईपर्यंत तो कोणालाच काही सांगू शकत नाही, लेखी तर नाहीच. म्हणजे तुम्ही त्याला असा प्रश्न विचारलात ज्याचं उत्तर त्याला माहीत असलं तरी देता येत नाही, मग तो गप्प बसतो, आणि तुम्हाला वाटतं दुर्लक्ष केलं.

मग असं काहीतरी विचारायचं की ज्याचं उत्तर त्याला एका ओळीत, कोणालाही न विचारता देता येईल. तुमच्यासाठी मी असा लिहीन:

‘विषय: अकाउंट्स असिस्टंट पदासाठीचा अर्ज, (तुमचं नाव)

नमस्कार,

अकाउंट्स असिस्टंट या पदासाठी मी २ तारखेला अर्ज पाठवला होता, अर्जाची शेवटची तारीख १५ होती. या पदाची निवड प्रक्रिया सध्या कोणत्या टप्प्यावर आहे आणि माझ्याकडून आणखी काही माहिती किंवा कागदपत्रं हवी आहेत का, हे कळवू शकाल का?

जाहिरातीत बँक रिकन्सिलिएशनचा अनुभव मागितला होता. अर्ज पाठवल्यानंतर सध्याच्या ऑफिसात ते काम पूर्णपणे माझ्याकडे आलं आहे, म्हणून कळवत आहे.

सोयीसाठी सीव्ही पुन्हा जोडला आहे.

आपला वेळ दिल्याबद्दल आभार.
(नाव, फोन नंबर)’

बस, एवढंच. मोबाइलच्या एका स्क्रीनवर मावला पाहिजे, स्क्रोल करायला लागला तर लांब झाला समजा. ‘कोणत्या टप्प्यावर आहे’ याला ‘शॉर्टलिस्टिंग चालू आहे’ किंवा ‘पुढच्या आठवड्यात इंटरव्ह्यू आहेत’ असं उत्तर कोणताही ज्युनियर देऊ शकतो. कागदपत्रांचा प्रश्न मुद्दाम घातलाय, कारण खरंच काही अपुरं असेल तर त्याला ते सांगायची आयती वाट मिळते, आणि त्या निमित्ताने तो तुमचा अर्ज उघडून बघतो, जे आपल्याला हवंच आहे.

दुसरा परिच्छेद, तो रिकन्सिलिएशनचा, तुमच्याकडे सांगण्यासारखं काही नवीन आणि खरं असेल तरच ठेवा. अर्जानंतर एखादा कोर्स पूर्ण झाला, नवीन जबाबदारी आली, जाहिरातीतल्या एखाद्या अटीशी जुळणारं काही घडलं, तर एक वाक्य पुरे. नसेल तर तो परिच्छेद सरळ काढून टाका, मेल त्याच्याशिवायही चांगला आहे. तिथे ‘मी मेहनती आणि प्रामाणिक आहे’ वगैरे भरू नका, ते कव्हर लेटरमध्ये लिहून झालेलं असतं. विषयात ‘जेंटल रिमाइंडर’ लिहायची पण एक फॅशन आलीय, मला ती अजिबात पटत नाही. रिमाइंडर आपण त्याला पाठवतो ज्याने आपल्याला काहीतरी द्यायचं कबूल केलंय, थकलेलं बिल वगैरे, इथे समोरच्याने तुम्हाला अजून काहीच कबूल केलेलं नाही. आणि ‘त्रास देतोय, क्षमा करा, तुम्ही खूप बिझी असाल याची कल्पना आहे’ ही तीन वाक्यं पण नकोत, विचारणं हा काही गुन्हा नाही, त्या माफीने फक्त मेल लांबतो.

पाठवायची वेळ म्हणाल तर आठवड्याच्या मधला कुठलाही दिवस, सकाळी कामाला सुरुवात झाली की तासाभरात. आठवड्याच्या पहिल्या सकाळी सुट्टीत साठलेले मेल साफ करायची घाई असते आणि शेवटच्या संध्याकाळी कोणी नवीन काही उघडत नाही. रात्री दोनला पाठवू नका, तसा फरक काही पडत नाही पण वेळ दिसते आणि लोक तर्क करत बसतात.

फोनचं विचारलंत. जाहिरातीत नंबर दिला असेल तर फोन करा, कुठून तरी शोधून काढला असेल तर नको. कोणाच्या पर्सनल नंबरवर व्हॉट्सॲप तर मुळीच नको, त्यांनी स्वतः आधी तिथे मेसेज केला असेल तर गोष्ट वेगळी. अर्ज कागदावर पोस्टाने पाठवला असेल तेव्हा मात्र फोनच बरा, तिथे पहिला प्रश्न ‘अर्ज पोचल्याची नोंद झालीय का’ हा विचारायचा आणि नोंदीचा नंबर मिळाला तर लिहून घ्यायचा. फोनवर पण तेच सूत्र, नाव, पद, तारीख, आणि प्रक्रिया कुठे आली हा एकच प्रश्न. ‘नमस्कार, मी अमुक, अकाउंट्स असिस्टंटच्या पदासाठी २ तारखेला अर्ज केला होता, सिलेक्शन कुठपर्यंत आलंय ते कोणाकडे विचारता येईल?’ ‘कोणाकडे’ विचारलं की रिसेप्शनवरच्या व्यक्तीवर उत्तर द्यायचं ओझं येत नाही, ती फोन जोडून देते किंवा ईमेल सांगते. जो बोलला त्याचं नाव विचारून ठेवा, पुढच्या मेलमध्ये ‘अमुक तारखेला यांच्याशी बोलणं झालं होतं’ असं लिहिता येतं.

उत्तर आलं तर ते कसं वाचायचं हेही सांगून ठेवतो, कारण लोक तिथे नको ते अर्थ काढतात. ‘प्रक्रिया चालू आहे, कळवू’ याचा अर्थ बहुतेक वेळा तेवढाच असतो. अनेकदा असंही होतं की पहिली पसंती दुसऱ्या कोणाला आहे आणि तो हो म्हणेपर्यंत बाकीच्यांना नाही म्हणत नाहीत, तुम्ही त्या बाकीच्यांत असू शकता, आणि पहिला माणूस नाही म्हणाल्यामुळे नोकरी मिळालेले लोक मी खूप बघितलेत. एका ओळीत आभार मानायचे आणि त्यांनी एखादी तारीख सांगितली असेल तर त्या तारखेनंतर तीन-चार दिवस जाऊ द्यायचे. ‘पोस्ट होल्डवर आहे’ असं आलं तर जागेची मंजुरी किंवा बजेट थांबलंय, त्यात तुमच्या अर्जाचा काही संबंध नाही, ‘पुन्हा सुरू झाल्यास माझा अर्ज विचारात घ्यावा’ लिहून सोडून द्या. जाहिरात साइटवरून गायब झाली म्हणजे जागा भरली असं नसतं, तिची मुदत संपलेली असू शकते, आणि तीच जाहिरात परत दिसली म्हणजे तुम्हाला नाकारलं असंही नसतं, काही साइट्सवर ती आपोआप परत वर येते. मात्र नवीन शेवटची तारीख घालून आली असेल तर नवीन अर्ज करा, जुन्याचा एका वाक्यात उल्लेख करून.

आणि उत्तर आलंच नाही तर? दहा-बारा दिवसांनी अजून एक मेल, त्याच मेलला रिप्लाय करून, पहिल्यापेक्षा छोटा: ‘नमस्कार, अकाउंट्स असिस्टंट पदाच्या माझ्या अर्जाबद्दल मागच्या मेलमध्ये विचारलं होतं. पद भरलं गेलं असल्यास तसं कळवलंत तरी चालेल. अजून खुलं असल्यास माझी इच्छा कायम आहे.’ यातलं मधलं वाक्य कामाचं आहे. नाही म्हणायला लोकांना अवघड जातं म्हणून ते गप्प बसतात, तुम्हीच ते सोपं करून दिलंत की बऱ्याचदा दोन शब्दांचं उत्तर येतं, आणि ते उत्तर ‘नाही’ असलं तरी तुम्ही मोकळे होता. यानंतर तिसरा मेल नको. दोन मेलनंतर गप्प राहणारी जागा तिसऱ्याला बोलत नाही, आणि तिसऱ्यापासून तुमचं नाव लक्षात राहायला लागतं ते चुकीच्या कारणासाठी, पुढे त्याच कंपनीत दुसरी जागा निघाली तर ते आडवं येतं. न निवडलेल्यांना साधं ‘नाही’सुद्धा न कळवणं हा माझ्या मते कंपन्यांचा उद्धटपणा आहे, पण तो तिसऱ्या मेलने सुधारत नाही.

एकाच परिस्थितीत हे सगळं वेळापत्रक बाजूला ठेवता येतं, दुसरीकडून ऑफर हातात आली आणि तिला उत्तर द्यायची तारीख ठरलेली असेल तर. तेव्हा आठवा दिवस असो की पाचवा, लगेच लिहा: ‘मला दुसऱ्या ठिकाणी ऑफर मिळाली असून ५ तारखेपर्यंत उत्तर द्यायचं आहे. आपल्याकडच्या पदात मला जास्त रस आहे, त्यामुळे तोपर्यंत माझ्या अर्जाबद्दल काही कळू शकेल का?’ असा मेल आम्ही बाजूला ठेवत नाही, तो विभागाच्या साहेबांकडे पुढे जातो कारण त्यात तारीख आहे. पण ऑफर खरी असेल तरच. खोटी ऑफर दाखवून घाई करायला गेलात तर सगळ्यात सोपं उत्तर ‘अभिनंदन, ती स्वीकारा’ हे असतं, आणि ते मात्र अर्ध्या तासात येतं.